मायक्रोवेव्हचा दोष किती, आपला किती?

तुमचं पत्र मिळालं. सून कामावरून आली की सकाळचं वरण, भात, भाजी मायक्रोवेव्हमध्ये गरम करते, नातू तेच जेवतो आणि तुमचा जीव वरखाली होतो, असं तुम्ही लिहिलं आहे. भजनी मंडळातल्या मैत्रिणीने पाठवलेला मेसेजही सोबत जोडला आहे. त्यावर तुमचे दोन प्रश्न आहेत. या यंत्रातून काढलेलं अन्न किरणोत्सारी होतं का? आणि त्यातलं सत्त्व निघून जातं का? पहिल्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. तुमची काळजी काही ठिकाणी रास्त आहे, पण तिचा रोख चुकीच्या जागी गेला आहे. म्हणून दोन्ही प्रश्न वेगवेगळे घेतो.

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन नावाचा भाग असतो. तो विजेपासून २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी तयार करतो. घरातल्या वाय-फायच्या आणि मोबाइलच्या लहरी याच कुळातल्या, फक्त ओव्हनमध्ये त्यांची ताकद पुष्कळ जास्त असते आणि त्या पत्र्याच्या पेटीत कोंडलेल्या असतात. अन्नातले पाण्याचे रेणू या लहरींबरोबर दिशा बदलू पाहतात, शेजारच्या रेणूंना ढुसण्या देतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. मिठाचे विद्युतभारित कणही असेच हलतात. अन्नावर जे काही घडतं ते एवढंच. बटण बंद झालं की लहरी थांबतात. अन्नात मागे उरते ती फक्त उष्णता.

पदार्थ किरणोत्सारी होणं ही गोष्ट पूर्णपणे निराळी आहे. त्यासाठी अणूच्या गाभ्यातल्या केंद्रकात बदल व्हावा लागतो. अशा बदलांना लागणारी ऊर्जा ‘इलेक्ट्रॉन व्होल्ट’ या अगदी लहान मापात मोजतात. रेणूवरचा एखादा इलेक्ट्रॉन उडवायला साधारण दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, तर केंद्रकाला हात लावायला काही दशलक्ष. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर जे ऊन पडतं, त्यातल्या प्रकाशाच्या एका कणात दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात. मायक्रोवेव्हच्या एका कणात मात्र एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा जेमतेम एक लाखावा भाग असतो. म्हणजे या हिशेबात कुरडयांवरचं ऊन ओव्हनपेक्षा लाखो पटींनी ‘जहाल’ ठरतं.

यावर कोणी म्हणेल, एक कण दुबळा असला तरी ओव्हनमध्ये असे कण असंख्य असतात, त्यांची बेरीज होत असेलच. उष्णतेची बेरीज होते, म्हणूनच भाजी गरम होते. केंद्रकाच्या बाबतीत ही बेरीज लागू पडत नाही. हजार पोरांनी मिळून झाडावरच्या कैरीला तांदळाचे दाणे मारले तरी कैरी खाली येत नाही. तिथे एकच दगड नेमका बसावा लागतो. मायक्रोवेव्हजवळ तो दगडच नाही.

तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या आहात, म्हणून जवळचं उदाहरण देतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ साली सुरू झालं. तिथे कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६०चे गॅमा किरण देतात. २००७ पासून अमेरिकेला जाऊ लागलेल्या हापूसवरही तिथे हीच प्रक्रिया झाली. या गॅमा किरणांच्या एका कणात बारा-तेरा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात, म्हणजे मायक्रोवेव्हच्या दहा हजार कोटी पटींहूनही जास्त. तरीही तो कांदा किंवा आंबा किरणोत्सारी होत नाही, कारण केंद्रक बदलायला एवढी ऊर्जाही अपुरी पडते. खऱ्याखुऱ्या अणुकिरणांखालून गेलेलं अन्न जिथे किरणोत्सारी होत नाही, तिथे आपल्या ओट्यावरच्या पेटीतून ते होण्याचा प्रश्नच उरत नाही. बाकी शून्य किरणोत्सार असलेलं अन्न जगात मिळत नाही. केळ्यात, बटाट्यात, आपल्या हाडामांसात पोटॅशियम असतं आणि त्याचा अगदी बारीक अंश निसर्गतःच किरणोत्सारी असतो. मायक्रोवेव्ह तो वाढवत नाही आणि कमीही करत नाही.

लहरी बाहेर गळतात का, ही शंका मात्र मी उडवून लावणार नाही. ओव्हनच्या दारापासून पाच सेंटीमीटरवर, दर चौरस सेंटीमीटरला पाच मिलिवॉट, यापेक्षा जास्त गळती होता कामा नये अशी सुरक्षामानकांची मर्यादा आहे. यंत्र धड असेल तर प्रत्यक्षातली गळती याहून पुष्कळ कमी असते आणि हातभर मागे सरकलं की ती झपाट्याने उतरते. पण दाराची बिजागरी वाकली असेल, काचेमागची जाळी गंजून भोकं पडली असतील, किंवा दार नीट न लावताही यंत्र चालू होत असेल, तर ते वापरणं थांबवून मेकॅनिकला बोलवावं. आत मोबाइल ठेवून तो वाजतो का हे पाहण्याची चाचणी फसवी आहे. मोबाइलला इतका क्षीण सिग्नल पुरतो की चांगल्या ओव्हनमध्येही तो वाजू शकतो.

आता त्या मेसेजमधल्या ‘कोर्टाने तोंड बंद केलेल्या शास्त्रज्ञा’कडे वळू. ही गोष्ट बनावट नाही, पण अर्धीच सांगितलेली आहे. स्वित्झर्लंडच्या हान्स हर्टेल यांनी प्राध्यापक बर्नार ब्लांक यांच्यासोबत एक प्रयोग केला. मायक्रोवेव्हचं अन्न खाल्ल्यावर रक्तात काळजी करावी असे बदल दिसतात, असा निष्कर्ष हर्टेल यांनी १९९२ साली मांडला. घरगुती उपकरणं बनवणाऱ्यांच्या संघटनेने त्यांना कोर्टात खेचलं आणि तिथल्या न्यायालयाने असं बोलायला त्यांना मनाई केली. पुढे १९९८ साली स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही मनाई म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे असा निकाल दिला. मेसेज इथे संपतो. त्यापुढचं असं, की प्रयोगात माणसं होती आठ, त्यांत स्वतः हर्टेल एक, आणि सहकारी ब्लांक यांनीच त्या निष्कर्षापासून अंग काढून घेतलं. हर्टेल यांना बोलण्याचा हक्क होता, एवढंच न्यायालयाने सांगितलं. ते म्हणाले ते खरं होतं असं सांगितलेलं नाही. आठ जणांच्या रक्तात एका वेळी दिसलेल्या चढउतारांवरून सगळ्या जगाच्या जेवणाबद्दल काही ठरवता येत नाही.

सत्त्वाच्या प्रश्नावर मात्र याहून भारदस्त पुरावा आहे, आणि वरवर पाहता तो तुमच्या बाजूचा आहे. स्पेनमधल्या संशोधकांनी २००३ साली ब्रोकोली चार पद्धतींनी शिजवली: वाफेवर, पाण्यात उकळून, प्रेशरखाली आणि मायक्रोवेव्हमध्ये. मग तिच्यातले फ्लेवोनॉइड, म्हणजे भाज्यांमधली एका गटाची उपयुक्त द्रव्यं, किती उरली ते मोजलं. वाफवलेल्या ब्रोकोलीतली ११ टक्के गेली होती, मायक्रोवेव्हमधल्या ब्रोकोलीतली ९७ टक्के. हा आकडा जगभरच्या वर्तमानपत्रांनी उचलला आणि मायक्रोवेव्ह सत्त्व मारतो ही समजूत त्यावर पक्की झाली.

पण प्रयोग कसा केला ते पाहिलं तर चित्र बदलतं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेल्या ब्रोकोलीत पाणी घातलेलं होतं आणि यंत्र पूर्ण ताकदीवर कित्येक मिनिटं चालवलं होतं. म्हणजे ती भाजी मायक्रोवेव्हमध्ये उकळलीच होती. फ्लेवोनॉइड, सी जीवनसत्त्व, फोलेट, बी गटातली बरीचशी जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. भाजी पाण्यात खदखदली की पेशी फुटतात, ही द्रव्यं पाण्यात उतरतात आणि पाणी ओतून दिलं की मोरीत जातात. वाफेवरच्या भाजीला पाण्याचा स्पर्श फारसा होत नाही, म्हणून ती तरली. पुढच्या काळात स्पेनमध्येच झालेल्या अभ्यासात पाण्याचं प्रमाण, वेळ आणि ताकद बदलून पाहिली तेव्हा हेच समोर आलं: किती उरतं ते या गोष्टींवर ठरतं. तीच भाजी पाण्याचा एक शिंतोडा मारून, झाकून, दोन-तीन मिनिटं ठेवली तर मायक्रोवेव्ह वाफेच्या बरोबरीला येतो, कारण तिला पाणीही कमी लागतं आणि वेळही कमी.

सत्त्व हिरावणारे तिघे आहेत: पाणी, वेळ आणि तापमान. हे तिघे गॅसवर असतात, चुलीवर असतात, मायक्रोवेव्हमध्येही असतात. पालक भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून दिलं तर निम्म्याहून जास्त सी जीवनसत्त्व जाऊ शकतं, आणि त्याला मायक्रोवेव्ह लागत नाही. आपल्या स्वयंपाकघराला ही गोष्ट नवी नाही. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचं पाणी आपण फेकत नाही, त्या कटाची आमटी करतो. डाळीतून उतरलेली बी गटातली जीवनसत्त्वं त्या आमटीतून परत ताटात येतात. कोकणात भाताची पेज पितात, तिथेही तेच होतं.

एका जीवनसत्त्वाबाबत मात्र मी तुमच्या बाजूने थोडा झुकतो. जपानी संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मांस आणि दूध काही मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यावर त्यांतलं बी-१२ तीस ते चाळीस टक्के कमी झालं. शाकाहारी घरात बी-१२ मिळण्याचा मुख्य आधार दूध आणि दही हाच असतो, त्यामुळे हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण दुसऱ्या पारड्यात हेही टाकायला हवं की दूध गॅसवर बराच वेळ उकळत ठेवलं तरी बी-१२ घटतं, आणि आपल्याकडे दूध सकाळी एकदा, दुपारी एकदा, नासू नये म्हणून रात्री पुन्हा एकदा उकळण्याची रीत आहे. कपभर दूध पिण्याइतपत कोमट करायला मायक्रोवेव्हला मिनिटभर लागतं. तेवढ्यात होणारं नुकसान या रोजच्या उकळण्यांपुढे लहान. पातेलंभर दूध मात्र त्यात उकळू नये, आणि तेच पुन्हा पुन्हा तापवूही नये.

तुमच्या घरात मायक्रोवेव्हमध्ये मुख्यतः शिजलेलं अन्न गरम होतं, म्हणून तोच हिशेब करू. सकाळी सातला केलेली मेथीची भाजी रात्री आठला ताटात येते. तिच्यातलं सी जीवनसत्त्व पहिला मार खातं ते कढईत, आणि नंतर डब्यात पडून राहिल्याने तास उलटतील तसं ते आणखी उतरत जातं. शेवटी ती वाटीभर भाजी कढईत परतून गरम करायला पाच-सात मिनिटं लागतात, मायक्रोवेव्हला दीड मिनिट. या शेवटच्या टप्प्यात मायक्रोवेव्हचा तोटा झालाच तर गॅसइतका, बहुधा त्याहून कमी. वरणातली प्रथिनं, भातातला पिष्टमय भाग, लोह, कॅल्शियम यांना तर दोन्हीकडे काही होत नाही. नातवाला सत्त्व जास्त मिळावं असं वाटत असेल तर गरम कशात करायचं यावर वाद घालण्यापेक्षा रात्रीच्या ताटात काकडी, गाजर किंवा लिंबाची फोड ठेवणं जास्त कामाचं आहे.

मग मायक्रोवेव्हमध्ये धोका नाहीच का? आहे, पण तो मेसेजमध्ये लिहिलेला नाही. पहिला धोका असमान उष्णतेचा. पेटीच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात, आणि त्यातून काही जागा खूप तापतात, काही थंड राहतात. हे तुम्हाला डोळ्यांनी पाहता येईल. फिरणारी काचेची ताटली आणि तिच्याखालचं चाक काढा, आत एक साधी चपटी ताटली पालथी घाला म्हणजे काही फिरणार नाही, तिच्यावर उडदाचे कच्चे पापड शेजारी शेजारी पसरा आणि वीस-तीस सेकंद ओव्हन चालवा. समोर उभं राहा आणि पापड करपायला लागला की लगेच बंद करा. पापड सगळीकडे सारखा फुलणार नाही. कुठे तो पांढरा फुलून वर येईल, कुठे तांबूस होईल आणि चार बोटं पलीकडे पिवळा, कच्चाच राहील. हे ठिपके साधारण सहा सेंटीमीटरच्या अंतराने पडतात, कारण या लहरींची लांबी बारा सेंटीमीटर आहे आणि तापणाऱ्या जागा तिच्या निम्म्या अंतरावर येतात.

आता पापडाच्या जागी भाताचा मोठा गोळा आहे असं धरा. कडेचा भात वाफाळतो, मध्यभागी बोट घातलं तर कोमट लागतो, आणि आपण कडेच्या वाफेवरून सगळा भात गरम झाला असं समजतो. ताटली फिरल्याने फरक पडतो, पण पूर्ण नाही, कारण लहरी अन्नात दोन-तीन सेंटीमीटरच्या पलीकडे फारशा पोहोचत नाहीत. गोळ्याच्या पोटात उष्णता हळूहळू झिरपत जावी लागते. शिळ्या अन्नातले जंतू मरायला ते आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं. म्हणून भात मोकळा करून पसरट भांड्यात घ्यावा, पाण्याचा हबका मारून झाकावा, अर्ध्या वेळेला बाहेर काढून ढवळावा, आणि शेवटी दोन मिनिटं तसाच झाकून ठेवावा. घरात कोणाचं तान्हं बाळ आलं तर त्याची दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये. बाहेरून कोमट लागणाऱ्या बाटलीच्या पोटात जीभ भाजेल इतकं गरम दूध असू शकतं.

भाताचा आणखी एक धोका आहे आणि त्यात मायक्रोवेव्ह निर्दोष आहे. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. शिजवलेला भात तासन्तास ओट्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या घडवणारं एक विष तयार करतात. ते विष उष्णतेने मोडत नाही. मग तो भात मायक्रोवेव्हमध्ये घाला नाहीतर सकाळी मोहरी-हिंगाची चुरचुरीत फोडणी द्या, विष तसंच राहतं. उपाय एकच: भात शिजल्यावर दोन तासांच्या आत पसरट डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवणं. तुमचा नातू जो भात खातो तो सकाळी सातपासून कुठे होता, हा प्रश्न तो कशात गरम झाला यापेक्षा फार मोठा आहे.

दुसरा खरा धोका भांड्याचा. नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली लहान मुलांच्या अन्नाचे प्लास्टिकचे डबे तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये तापवले. काही डब्यांच्या एका चौरस सेंटीमीटरमधून चाळीस लाखांवर सूक्ष्म आणि दोनशे कोटींवर अतिसूक्ष्म प्लास्टिकचे कण सुटलेले दिसले. एवढे कण पोटात गेल्याने माणसाचं नेमकं काय होतं, याचा निवाडा विज्ञानात अजून व्हायचा आहे, त्यामुळे यावरून घबराट पसरवणं बरोबर नाही. पण हे टाळायला खर्च येत नाही आणि कष्टही पडत नाहीत, मग टाळायला काय हरकत? डब्यावरचं ‘मायक्रोवेव्ह सेफ’ हे मुख्यतः डबा वितळणार नाही, तडकणार नाही याबद्दल असतं. त्याच्यातून काहीच सुटणार नाही, अशी ती हमी नसते. हॉटेलातून मिसळ किंवा पनीरची भाजी ज्या पातळ डब्यात येते तो तर गरम करण्यासाठी नसतोच, आणि तेलकट तर्रीत प्लास्टिकमधली काही रसायनं जास्त सहज उतरतात. मेलामाइनच्या रंगीत प्लेटाही आत ठेवू नयेत. काच किंवा बिनसोनेरी किनारीची चिनी माती वापरावी. स्टीलची वाटी नको, हे सुनेला माहीत असेलच.

दोन्ही पारडी पाहून माझा कौल असा. अन्न किरणोत्सारी होण्याची भीती सोडून द्यावी; ती बाळगायला काडीचाही आधार नाही. सत्त्वाची काळजी सोडू नये, पण ती शिजवण्याच्या पाण्याकडे, वेळेकडे आणि अन्न पडून राहण्याच्या तासांकडे वळवावी. सुनेशी बोलायचंच असेल तर मायक्रोवेव्ह बंद कर असं म्हणण्यापेक्षा तीन गोष्टी मागा: भात वेळेत फ्रीजमध्ये जावा, गरम करताना मधे एकदा ढवळला जावा, आणि प्लास्टिकच्या डब्याऐवजी काचेचं भांडं यावं. या तिन्ही तिला पटण्यासारख्या आहेत, आणि पहिलीची जबाबदारी, सकाळी घरी तुम्हीच असता म्हणून, तुमच्याकडे राहिली तर उत्तम.